‘वयोगट 4 ते 8’ म्हणजे नेमका कुणासाठी? मुलांच्या पुस्तकाचं परीक्षण पालकांसाठी कसं लिहावं

मुलांच्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला, किमतीच्या आसपास कुठंतरी, ‘वयोगट 4 ते 8’ असं छापलेलं असतं. चार वर्षांच्या मुलाला अक्षरं ओळखता येत नाहीत आणि आठ वर्षांचं मूल तिसरीत असतं. हे दोघं एकच पुस्तक एकाच पद्धतीनं वाचतील असं प्रकाशकालाही वाटत नसणार. जास्तीत जास्त पालकांनी पुस्तक हातात घ्यावं म्हणून आकडा ऐसपैस ठेवलेला असतो, इतकंच. परीक्षण लिहिणाऱ्याला मात्र तो आकडा सोडवून सांगावा लागतो. पालकाला हवं असतं ते एवढंच की माझी मुलगी पहिलीत आहे, हे पुस्तक घेऊ की नको, आणि घेतलं तर ती एकटी वाचेल की मला शेजारी बसावं लागेल.

आपल्याकडची बरीच परीक्षणं ‘सुंदर चित्रं, ओघवती भाषा, संस्कारक्षम कथा’ या तीन शब्दजोड्यांत आटोपतात. त्यातून पालकाच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून इथं एक नमुन्याचं पुस्तक घेऊन त्याचं परीक्षण कसं होतं ते पाहू. खऱ्या पुस्तकाचं नाव घेऊन वाद कशाला, म्हणून हे पुस्तक मीच रचलं आहे. त्यातल्या चुका मात्र बाजारातल्या पुस्तकांत पानोपानी भेटतात.

पुस्तकाचं नाव ‘सुमीचा डाव’. पानं 32, शब्द साधारण 1100, मागं ‘वयोगट 4 ते 8’. गोष्ट कोल्हापुरातली. आठ वर्षांच्या सुमीचे आजोबा एकेकाळचे पैलवान. तिचा दादा रोज पहाटे तालमीत जातो, सुमीला आत घेत नाहीत. ती खिडकीतून बघून बघून डाव शिकते. मधे आजोबा वारतात. शेवटी दादाला त्रास देणाऱ्या एका दांडग्या पोराला सुमी तालमीतल्या मातीच्या हौद्यात चितपट करते, वस्ताद तिची पाठ थोपटतात आणि तिला तालमीत प्रवेश मिळतो. शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य: मुली मुलांपेक्षा कुठेही कमी नसतात.

आधी वय बघू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच आहे. प्रत्येक मुलाची पुस्तकाच्या बाबतीत दोन वयं असतात, ऐकायचं वय आणि स्वतः वाचायचं वय. आई किंवा आजी वाचून दाखवते तेव्हा पाच वर्षांचं मूल बरीच गुंतागुंतीची गोष्ट पकडतं. तेच मूल स्वतः वाचायला बसलं की ‘घर बघ’ पाशी अडतं. ही दोन वयं पुढं हळूहळू जवळ येतात, पण कोल्हापुरात हल्ली ती बऱ्याच घरांत लांबच राहतात, कारण घरात मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. तिसरीतलं मूल मराठी गोष्ट आठ वर्षांच्या समजेनं ऐकतं, पण मराठी वाचतं पहिलीच्या वेगानं. त्याला पहिलीच्या पातळीची गोष्ट दिली की ‘हे बाळांचं आहे’ म्हणून बाजूला ठेवतं आणि त्याच्या वयाची गोष्ट दिली की दोन पानांत दमतं. परीक्षणात दोन्ही वयं वेगवेगळी लिहिली तर या घरांनाही उपयोग होतो.

ऐकायचं वय ठरवायला पुस्तक मोठ्यानं वाचून घड्याळ बघावं. मुलाला दाखवत, चित्रांवर थांबत वाचलं तर 1100 शब्दांना पाव तास सहज लागतो. चार वर्षांचं मूल एका गोष्टीला एवढा वेळ क्वचितच बसतं, पाच-सहा वर्षांचं बसतं. शब्दसंख्येचा अंदाज घ्यायला मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेच्या वाचन-पातळ्यांचा आधार घेता येतो. त्यांच्या चार पातळ्यांपैकी पहिली साधारण 250 शब्दांच्या आतली, दुसरी 600 पर्यंत, तिसरी 1500 पर्यंत. त्या मोजपट्टीनं ‘सुमीचा डाव’ तिसऱ्या पातळीत पडतं, म्हणजे बऱ्यापैकी वाचायला लागलेल्या मुलाचं पुस्तक होतं. एक मात्र लक्षात ठेवावं लागतं. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, ‘तालमीसमोरच्या’ हा मोजायला एकच शब्द. त्यामुळं नुसती शब्दसंख्या मराठी पुस्तकाला असतं त्यापेक्षा सोपं दाखवते.

म्हणून स्वतः वाचायचं वय ठरवताना मी जोडाक्षरं मोजतो. मधलं कुठलंही एक पान उघडायचं, शब्द मोजायचे, जोडाक्षरं मोजायची. पण सगळी जोडाक्षरं सारखी जड नसतात. ‘च्या’, ‘ल्या’, ‘त्या’, ‘ण्या’ ही मराठीत पावलोपावली येतात, मूल ती लवकर नजरेनंच ओळखायला लागतं. ‘प्र’, ‘र्म’, ‘क्त’, ‘च्छ’, ‘ष्ट’, ‘द्ध’ ही अडवणारी. दहा शब्दांत अडवणारी एक-दोन असली तर दुसरीतलं मूल रेटून नेतं. तीन-चारच्या वर गेली की अक्षर लावता लावता गोष्ट हातची सुटते. हा माझा ढोबळ हिशोब आहे, नियम नव्हे.

आता आपल्या पुस्तकातलं हे वाक्य बघा: ‘सुमीच्या अंतःकरणात प्रचंड इच्छाशक्ती निर्माण झाली.’ शब्द सहा. ‘च्या’ सोडला तरी प्र, च्छा, क्ती आणि र्मा अशी चार अडवणारी जोडाक्षरं, वर विसर्ग. शिवाय इच्छाशक्ती निर्माण होते म्हणजे नेमकं काय होतं, हे आठ वर्षांच्या मुलाला डोळ्यासमोर आणता येत नाही. हेच असं लिहिता आलं असतं: ‘सुमीला आत जायचं होतं. लई जायचं होतं.’ एकही जोडाक्षर नाही, आणि तिची ओढ जास्त कळते. परीक्षणात अशी दोन वाक्यं शेजारी ठेवायची गरज नसते, पण पुस्तकातलं एक वाक्य जसंच्या तसं द्यावं. ‘भाषा थोडी अवघड आहे’ यापेक्षा ते एक वाक्य पालकाला जास्त सांगून जातं.

पालकांना घरी करण्यासारखी एक सोपी चाचणी पाच बोटांची. मुलानं एक पान मोठ्यानं वाचायचं, अडलेल्या किंवा न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. एखादं बोट मिटलं तर पुस्तक सोपं, दोन-तीन मिटली तर बरोबर, पाची मिटली तर ते आत्ता मोठ्यांनी वाचून दाखवायचं पुस्तक. मात्र पानावर बरा मजकूर हवा. दोन ओळींच्या पानावर ही चाचणी फसते.

वयात आणखी एक गोष्ट येते आणि ती शब्द मोजून सापडत नाही. आपल्या गोष्टीत विसाव्या पानावर आजोबा वारतात. एकच ओळ आहे, पण चित्रात अंगणात जमलेली माणसं आणि तिरडी आहे. मुलांच्या पुस्तकात मृत्यू नसावा असं माझं मत अजिबात नाही. घरात आजोबा गेले तर मूल ते बघतंच. पण ज्या घरात पंधरा दिवसांपूर्वी कुणी गेलंय, त्या घरातल्या आईला हे पान आधी माहीत असायला हवं. मृत्यू, आईबापांपासून ताटातूट, मारझोड, अंधारात हरवणं, प्राण्याला इजा, यातलं काहीही असलं तर कितव्या पानावर आणि किती ठळक आहे हे परीक्षणात सरळ लिहावं. गोष्टीची गंमत जाईल म्हणून हे लपवू नये. शेवट सांगू नका, पण हे सांगा.

भाषेकडे पुन्हा एकदा यायला हवं, कारण सोपी-अवघड यापलीकडं एक गोष्ट उरते. पात्रं कशी बोलतात ते ऐकायला हवं, आणि ते मनात वाचून कळत नाही. पुस्तक मोठ्यानं वाचलं की जीभ कुठं अडखळते ते लगेच समजतं. सुमी एका ठिकाणी विचारते, ‘मावशी, मला आत प्रवेश मिळू शकेल का?’ कोल्हापुरातली आठ वर्षांची पोरगी असं विचारत नाही. ती म्हणेल, ‘मावशी, मला जाऊ देतील काय गं आत?’ दुसऱ्या भाषेतून आलेल्या पुस्तकांत असली वाक्यं फार सापडतात. आणि त्याच पानावर तालमीसमोर झाडलोट करणारी कमळामावशी बोलते, ‘आरं पोरांनो, जरा सरकून बसा की रं!’ हे अगदी आपलं बोलणं.

मला खटकतं ते इथं. या पुस्तकात सुमी, वस्ताद, गुरुजी सगळे छापील मराठी बोलतात. कोल्हापुरी बोलणारं एकच पात्र, झाडलोट करणारी मावशी, आणि ती बोलली की चित्रातली पोरं हसताना दाखवलीत. ‘काय बघालीस गं खिडकीतनं?’ असं ज्या घरात रोज बोललं जातं, तिथल्या मुलाला यातून कळतं की आपली भाषा हसण्यासाठी असते आणि ती गरिबानं बोलायची असते. लेखकाच्या मनात असं काही नसेलही. आजोबा आणि वस्तादही मावशीसारखेच बोलले असते तर हा अर्थ निघालाच नसता, आणि तालमीतल्या वस्तादाच्या तोंडी छापील मराठी तशीही शोभत नाही. भाषेचं परीक्षण इथं मूल्यांच्या परीक्षणात शिरतं, दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

आता चित्रं. मजकूर एका कागदानं झाकायचा आणि फक्त चित्रं बघत पानं उलटायची. गोष्ट कितपत कळते? चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रात असते आणि शब्द ती पुन्हा सांगत बसत नाहीत. ‘सुमी खिडकीत उभी होती’ या ओळीशेजारी नुसती खिडकीतली सुमी असेल तर चित्रानं वेगळं काही केलं नाही. आपल्या पुस्तकात एक जागा मात्र फार छान आहे. मजकूर म्हणतो, ‘सुमी रोज बघायची’, आणि चित्रात खिडकीखाली विटा आहेत, पहिल्या चित्रात तीन, पुढच्यात दोन, मग एक. पोरगी वाढतेय हे शब्दांनी कुठंच सांगितलेलं नाही. मुलांना असलं आधी दिसतं. परीक्षणात ही जागा सांगावी, पण काय आहे ते सांगू नये. ‘खिडकीखाली लक्ष ठेवा’ एवढं पुरे.

त्याच चित्रकारानं पुढं घोटाळा केलाय. मजकुरात लाल मातीचा हौदा आहे, चित्रात चहूबाजूंनी दोर बांधलेलं निळं रिंगण. कुस्ती मॅटवरही होते, पण मॅटला दोर नसतात. दोर असतात ते बॉक्सिंगला. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळतात, तिचा रंग आणि ओल चित्रात यायला हवी होती. ज्या मुलाच्या गल्लीतच तालीम आहे ते पहिल्यांदा हेच विचारणार, की माती कुठाय? ज्या मुलानं तालीम कधी बघितली नाही, त्याच्या डोक्यात चुकीचं चित्र बसणार, आणि ते जास्त वाईट. स्थानिक गोष्ट असली की घरं, कपडे, अवजारं त्या गावची आहेत का हे तपासणं परीक्षण करणाऱ्याचं कामच आहे. कौलारू घराच्या जागी सरसकट गवताची झोपडी काढली की समजावं, चित्रकारानं ‘खेडं’ मनानं काढलंय.

अजून एक बारकावा आहे, तो दोन पानं शेजारी धरल्याशिवाय दिसत नाही. पहिल्या पानावरची सुमी सावळी आहे. शेवटच्या पानावर वस्ताद पाठ थोपटतात तेव्हा ती चांगली दोन छटा उजळ झालीय. जिंकली आणि गोरी झाली! रंग भरताना नकळत घडलं असेल, छपाईतही फरक पडतो. म्हणून त्याच पानावरची बाकीची पात्रं बघायची. ती पहिल्यासारखीच असतील तर दोष छपाईचा नाही. इथं वस्ताद आणि दादा जसेच्या तसे आहेत.

छपाईतल्या बाकीच्या गोष्टी भरभर बघून होतात. गडद तपकिरी मातीच्या चित्रावर काळी अक्षरं असतील तर रात्री दिव्याखाली ती दिसत नाहीत, आणि गोष्ट वाचायची वेळ तीच असते. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून चित्र असेल तर शिवणीच्या खाचेत काय गिळलं जातंय ते बघावं. आपल्या पुस्तकात नेमका डाव लागतो त्या क्षणी सुमीचा चेहरा खाचेत गेलाय. आणि अक्षरांचं वळण. दिल्लीकडं जुळवलेल्या काही मराठी पुस्तकांत दंडाचा हिंदी वळणाचा ‘ल’ असतो. आपल्या मुलांना शाळेत पाकळीचा ‘ल’ शिकवलेला असतो, त्यामुळं नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथं थबकतं. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही.

उरली मूल्यं. पालक सगळ्यात आधी हेच विचारतात, ‘यातून काय शिकायला मिळतं?’ आणि परीक्षणकार शेवटच्या चौकटीतलं तात्पर्य उतरवून देतो. तात्पर्य मुलं बहुतेक वाचतच नाहीत. त्यांच्या लक्षात राहतं ते गोष्टीत कुणी काय केलं आणि त्याचं पुढं काय झालं. म्हणून चौकट बाजूला ठेवून गोष्टीलाच प्रश्न विचारायचे. अडचण कोण सोडवतं? काय केल्यावर बक्षीस मिळतं? कुणाला हसलं जातं? शेवटी कोण बदलतं, आणि कुणाला बदलावं लागत नाही?

‘सुमीचा डाव’ला हे प्रश्न विचारले की तात्पर्याच्या उलटंच काहीतरी बाहेर येतं. दादाला तालमीत प्रवेश कसा मिळाला? तो गेला आणि मिळाला. त्यानं काही सिद्ध केलेलं नाही, उलट तो मार खाऊन येतो. सुमीला प्रवेश कधी मिळतो? एका दांडग्या पोराला चितपट केल्यावर. म्हणजे मुलानं नुसतं जायचं आणि मुलीनं आधी जिंकून दाखवायचं. ती हरली असती तर? गोष्टीच्या हिशोबानं ती खिडकीतच राहिली असती. शिवाय दार बंद ठेवणारे वस्ताद शेवटी पाठ थोपटून मोठे होतात, आपण चुकलो असं त्यांना कुठंच वाटत नाही. आणि सुमीची आई सगळ्या चित्रांत चुलीपुढं, आपल्याकडं पाठ करून. कोल्हापूर जिल्ह्यात मुली कुस्ती शिकतात, मुरगूडसारख्या ठिकाणी त्या मॅटवर सराव करतात, हे बघितलेल्या मुलांना तर प्रश्नच पडेल की सुमीला अडवतात कशाला.

म्हणजे पुस्तक वाईट का? नाही. इथं परीक्षण करणाऱ्याचा तोल जातो. पुस्तकात एक खटकणारी गोष्ट सापडली की ते ‘चुकीचे संस्कार करणारं’ ठरवण्याचा मोह होतो. पण मुली जिद्दीनं शिकतात हेही या गोष्टीत खरंच आहे, आणि ते मुलापर्यंत पोचतं. काय दिसलं ते पानासकट सांगावं, त्यावर काय बोलता येईल ते सुचवावं, आणि घ्यायचं की नाही ते पालकावर सोडावं. हा नियम मी स्वतः एकाच ठिकाणी मोडतो. एखाद्याच्या जातीवरून, अंगाच्या ठेवणीवरून किंवा अपंगत्वावरून पुस्तक हसवत असेल, तर ‘घेऊ नका’ असं स्पष्ट लिहितो.

लिहायला बसण्याआधी पुस्तक त्या वयाच्या एका तरी मुलाला वाचून दाखवावं. ‘आवडलं का?’ विचारू नये, मुलं ‘हो’ म्हणून मोकळी होतात. बघायचं ते असं, की तुम्ही पान उलटताना ते कुठं हात ठेवून थांबवतं, कुठं तुमच्या आधीच पान उलटतं आणि कुठं प्रश्न विचारतं. थांबवलं तिथं चित्र चांगलं असतं. आधीच उलटलं तिथं मजकूर लांबलेला असतो.

एवढं सगळं बघून झाल्यावर परीक्षण दोन परिच्छेदांत बसतं. मी असं लिहीन:

‘सुमीचा डाव. वाचून दाखवायला 5 वर्षांपासून, पाव तास लागतो. स्वतः वाचायला तिसरी-चौथीपासून. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना शेजारी बसून मदत करावी लागेल. “सुमीच्या अंतःकरणात प्रचंड इच्छाशक्ती निर्माण झाली” अशी जड वाक्यं अधूनमधून आहेत, वाचून दाखवताना ती आपल्या भाषेत सांगितली तरी चालतात. विसाव्या पानावर आजोबांचा मृत्यू आहे, चित्रात तिरडी दिसते; आधी एकदा चाळून घ्या.

तालमीबाहेर डाव शिकणाऱ्या मुलीची ही गोष्ट रंगते. खिडकीच्या चित्रांत खिडकीखाली लक्ष ठेवा. हौद्याचं चित्र चुकलं आहे, मातीऐवजी दोरांचं निळं रिंगण काढलंय. शक्य असेल तर मुलांना एखादी खरी तालीम दाखवा. कोल्हापुरी बोलणारी एकटी झाडलोटवाली मावशी आहे आणि तिच्यावर पोरं हसतात. वाचताना वस्तादांनाही कोल्हापुरीत बोलू द्या. शेवटची चौकट वाचली नाही तरी चालेल. त्याऐवजी मुलांना विचारा, दादाला आत घेताना कुणी डाव जिंकून दाखवायला सांगितलं होतं का? बांधणी पिनांची आहे, पानं लवकर सुटतील.’